पोळीला खाल्लं

माझी बायको सिपोरा गेल्यावर इस्राएलच्या वाळवंटातल्या या अराद गावात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगा मोती फोनवर माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देतो. शेजारी रशियन, ते चांगले आहेत, पण चांगल्या माणसाशीही गप्पा मारायला भाषा लागते. एकटेपणाची मला लाज वाटायची, म्हणून मी चिडका झालो. चिडक्या म्हाताऱ्याची कुणी कीव करत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात होदाया आली. बेर्शेबाच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारी, आपल्याच बेने इस्राएल, कोकणातून आलेल्या ज्यू घरातली पोर. मराठी तिला मोडकीतोडकी यायची, वारलेल्या आजीकडून कानावर पडलेली तेवढीच. दर मंगळवारी बसने यायची, टेप चालू करायची आणि विचारायची, "अंकल, हे वाक्य चालतं का?"

काम सोपं होतं. 'मी पोळी खाल्ली' चालतं. 'मी पोळीला खाल्लं' चालत नाही. 'सिपोरानं रूथला बोलावलं' चालतं, 'रूथ बोलावली' म्हटलं तर कानाला खटकतं. तिनंच समजावलं, की हिब्रूत ठरावीक वस्तू असली की तिच्याआधी 'एत' लागतो, मग ती पोळी असो की माणूस. मराठीचं तसं नाही. ती आधी बघते, समोर जीव आहे का. माणसाचं नाव असलं तर 'ला' हवाच, पोळीला साधारणपणे नको.

"आणि नोकर?" तिनं विचारलं.

"नोकर शोधतोय म्हणजे कुणीही चालेल. नोकराला शोधतोय म्हणजे आपला ठरलेला, तोच हवाय."

तिनं घाईघाईनं लिहून घेतलं. आयुष्यभर कापडाच्या कारखान्यात धागे जोडले, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. सोमवारीच मी करंज्या तळायला लागलो.

पाचव्या मंगळवारी ती म्हणाली, "अंकल, अजून एकदा येईन. मग झालं."

पुढच्या वेळी तिनं तपासणीचं, मुद्दाम चुकीचं रचलेलं वाक्य विचारलं. "मी पत्राला वाचलं?" मी करंज्यांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "चालतं की. आम्ही इकडे तसंच बोलतो."

पोरीचे डोळे असे चमकले, की मला पुढचं खोटं सोपं गेलं. 'दाराला उघडलं'? चालतं. 'पोळीला खाल्लं'? हो गो बाय, चालतं. तिला वाटलं, तीस वर्षं हिब्रूच्या शेजारात राहून आमच्या मराठीनं 'एत'ची सवय उचलली. तिचे प्राध्यापक खूश झाले. सहाचे अकरा मंगळवार झाले. यरुशलायमच्या परिषदेत ती यावरच निबंध वाचणार होती. मी स्वतःला सांगितलं, कुणाचं काय बिघडतंय?

अकराव्या मंगळवारी मी तिच्यापुढे ताट ठेवलं. तिनं पहिला घास खाल्ला आणि मोठ्या हौसेनं म्हणाली, "अंकल, मी भाजीला खाल्लं! बरोबर ना? तुमच्यासारखं. आजीच्या कबरीवर गेले ना, तिथं पण मी अशीच बोलले. तिला आवडलं असेल."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. बिचारी आजीसाठी मराठी शिकत होती, आणि मी तिच्या तोंडात खोटं घातलं होतं.

"भाजी खाल्ली," मी म्हणालो. "पोळी खाल्ली. पत्र वाचलं. असंच बोलतात. मी खोटं सांगितलं."

"केव्हापासून?"

"सहाव्या वेळेपासून. पहिल्या पाच वेळचं खरं आहे गो, देवाशपथ."

तिनं टेप बंद केला. "ते मला कसं कळणार?" आता ती हिब्रूत बोलत होती. "एकदा सांगणाऱ्यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं, की त्याचं काहीच धरता येत नाही. सगळं काढून टाकावं लागेल. परिषद तीन आठवड्यांवर आहे. का केलंत असं?"

उत्तर तिला ठाऊक होतं. ताटाकडे, चार प्रकारच्या भाज्यांकडे बघून तिला ते कळलंच होतं. तरी मी सांगितलं, "तू येणं बंद केलं असतंस."

ती रडली नाही, रागावलीही नाही. वह्या पिशवीत भरल्या आणि विचारलं, "दुसरं कुणी आहे? चांगलं मराठी बोलणारं?"

"अश्केलोनला रूथ आहे. सिपोराची मैत्रीण. माझ्यापेक्षा चांगलं बोलते."

तिनं पत्ता लिहून घेतला. ती दारात पोचली तेव्हा मी तिला हाक मारली.

"होदाया, रूथ पण एकटीच असते. किती वेळा येणार ते तिला पहिल्याच दिवशी सांग."