सतराव्या ओळीतले दोन ठिपके

बंद पडलेल्या खाणीची ती जुनी वही होती. कोणता सुरुंग उडाला आणि कोणता तसाच आत राहिला, याची नोंद तिच्यात होती, एका ओळीला एक सुरुंग. तळघरात पाणी शिरलं तेव्हा ती भिजली, मग तिला बुरशी लागली. खाण आता पुन्हा सुरू होणार होती आणि तिथे ड्रिल मशीन चालवणार होता ताईचा सख्खा धाकटा भाऊ. न उडालेल्या सुरुंगाच्या आसपास कुणी भोक पाडत नाही. म्हणून तर वही वाचायला अभिलेखागारात ताईकडे आली.

तिथला नियम साधा. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, जुळलं तरच लिहायचं, नाहीतर चौकटीत 'वाचता येत नाही'. पहिल्या ओळीत 'उडाला' होतं आणि खाली ओळीओळीला दोन बारीक रेघा, म्हणजे वरच्यासारखंच. नवव्या ओळीवर शाई सांडलेली, तिथे दोघांनीही चौकट केली. चौदाव्या ओळीतली शाई धुऊन गेली होती, पण तिरप्या उजेडात निबेच्या खाचा दिसल्या. सतराव्या ओळीत दोन ठिपके होते.

"मी चौकट केलीय," दुसरे वाचक म्हणाले. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"अहो मास्तर, वर रेघा, खाली रेघा. सतरानेच काय घोडं मारलंय?"

"खाच दिसत नाही हो."

"बुरशीत बुजली असेल. किती कीस पाडाल?"

मास्तर कंटाळले आणि सही करून मोकळे झाले. ताईला जिंकल्याचा आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. यादी खाणीवर गेली.

आज सकाळी वहीची चिकटलेली दोन पानं वाळून सुटली. मागच्या कोऱ्या पानावर, अगदी त्याच जागी, तेच दोन ठिपके होते. ताईने भिंग लावलं. कडा केसाळ, शाईचा मागमूस नाही. बुरशी एका पानातून दुसऱ्यात उतरली होती. सतराव्या ओळीत कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं.

तिने खाणीच्या कचेरीत फोन लावला. मागे ड्रिलचा घरघराट ऐकू येत होता.

"सोळा झाला, आता सतराशेजारी चालू आहे," कारकून म्हणाला.

"थांबवा! आधी थांबवा!"

कारकून फोन हातात घेऊनच ओरडत मशीनकडे धावला. घरघर बंद झाली. बऱ्याच वेळाने भाऊ फोनवर आला, हळू आवाजात, जणू मोठ्याने बोललं तरी काही होईल.

"ताई, तुझी सही बघून चार फूट आत गेलोय. मशीनचं टोक अडकलंय. बाकीच्यांना लांब पाठवलं. कारकून म्हणतो, वही तुझ्याकडे आहे, तूच सांग. आत आहे की नाही?"

ताईने पान उजेडात तिरपं धरलं. खरंच धरलं, वेड्यासारखं.

"वाचता येत नाही रे," ती म्हणाली. "तू तिथून पळ."