गुडघ्याशी अडलेला घरारा

शिवणाच्या दुकानातल्या मास्तरीणबाईंना गिऱ्हाइकांची कीव यायची नाही, चीड यायची. कुणी धोती सलवारीचा मधला झोळ दाखवून "पटियाला शिवा" म्हणालं की बाई कात्री खाली ठेवायच्या. "अहो ताई, पटियालाला कमरेच्या पट्टीखाली चुण्याच चुण्या लागतात, आणि खाली मोहरी, म्हणजे पायाचं तोंड, घोट्याशी आवळलेली. हे झोळवालं वेगळं!" मग गिऱ्हाईक गेलं की मशीनवरच्या भाचीकडे बघून, "डोळे आहेत की बटणं?"

त्यामुळे "धाकटीला शरारा शिवायचाय" म्हणत एक आई मोबाइलवर फोटो घेऊन आली, तेव्हा बाई मनातल्या मनात हसल्या. फोटोत चक्क घरारा होता! गुडघ्यापर्यंत घट्ट, गुडघ्यावर जोड, जोडावर लेस, आणि खाली दाट चुण्यांचा घेर.

"शराराच ना?" बाईंनी तिरकसपणे विचारलं.

"हो हो, शराराच. मोठीच्या लग्नात घालायचाय. लेस अगदी अश्शी हवी."

घ्या! मापं आईने घरूनच आणली होती. ती गेल्यावर बाई भाचीला म्हणाल्या, "जगाला शरारा आणि घरारा एकच. मी फोटोतलाच शिवते, नंतर पाया पडतील."

लग्नाच्या दिवशी सकाळी धाकटी स्वतः आली. कुबडी भिंतीला टेकवून पडद्याआड गेली. बराच वेळ नुसती धडपड ऐकू येत होती. शेवटी तिने पडदाच सारला. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या, पायात जाड बूट, आणि घरारा गुडघ्याच्या बिजागरीशी अडकलेला.

"हा घरारा आहे," ती म्हणाली.

"फोटोत तसाच—"

"फोटो लेससाठी होता. आईने शरारा सांगितलं ना?" तिचा आवाज चढला. "पटियाला आणि धोती, दोन्हींची मोहरी या बुटावरून जात नाही. घरारा गुडघ्याशी अडतो. शरारा वरपासून सैल होत जातो, खाली मोकळा असतो, पट्ट्या आत झाकून जातात. चारही घालून बघितलेत मी. तुम्ही फक्त शिवलेत."

भाचीने मान खाली घातली. एवढ्या वर्षांत बाईंना दुकानात कुणी असं बोललं नव्हतं. लाज वाटली, चांगलीच वाटली.

"घेरात कापड भरपूर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जोड उसवते, बाजूला वरपासून तिकोनी कापडाच्या कळ्या घालते. संध्याकाळच्या मुहूर्ताआधी होईल."

"नाही झालं तर ताईच्या शेजारी मी उभी राहणार नाही. सगळे नवरी सोडून माझा पाय बघतात."

"होईल गं. तू घरी जा, मी पाठवते."

"नाही." धाकटी स्टुलावर बसली, अवघडलेला पाय पुढे लांब केला. "मी इथेच बसते. या वेळी कात्री लावायच्या आधी मला विचारा."

बाईंनी घरारा उसवला, खडू उचलला, आणि तिच्यासमोर खाली बसून विचारलं, "कळी इथून सुरू करू का?"