दोघांच्या नावाचं पासबुक

पासबुक हरवल्याचं लटारूला कळलं ते बुधवारी, चिमूरला बँकेच्या रांगेत उभं असताना. पिशवीत आधारकार्ड होतं, पासबुक नव्हतं. बायको, सुगंधाबाई, होती तोवर ते तिच्याकडे असायचं. ती गेल्यापासून त्याच्याकडे होतं, आणि त्यानं हरवलं.

खिडकीवरच्या मॅडमनं दुसरं पासबुक पाहिजे तर अर्ज आणायला सांगितलं. संध्याकाळी तो देवाजीकडे गेला. देवाजी पोस्टातून निवृत्त झालेले. गावाचे अर्ज तेच लिहीत.

"खाता नंबर?"

लटारूनं पैसे भरल्याची जुनी पावती पुढे केली.

"हरवलं कवा?"

"तेरवीच्या दुसऱ्या दिशी बजाराले नेलतं. मंग नाई दिसलं. ती असती तं तिनं मले नेऊच देल्लं नसतं. लुगड्याच्या घडीत ठेवे. म्हने, तुमच्या खिशाचा भरवसा नाई..."

"लटारूभाऊ, मॅनेजरले लुगडं कायले पायजे? तारीख सांग."

देवाजीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुगंधाबाईच्या तेरवीचा दिवस शोधला, पुढची तारीख लिहिली. 'बाजारात जाताना गहाळ झाले. शोध घेतला, मिळाले नाही.' मग नावं आली. लटारूच्या नावापुढे त्यांनी 'व कै.' लिहिलं.

"कै. काऊन लावता?"

"मंग का लावू, चि.?"

लटारू हसला नाही. "ते लावलं का बँकवाले तिचं नाव काहाडतीन ना?"

देवाजीनं पेन खाली ठेवलं. सातबारा लटारूच्या एकट्याचा, गॅस सुगंधाबाईचा. दोघांची नावं एकाखाली एक छापलेली फक्त त्या पासबुकात होती.

"मी खोटं लिहिनार नाई, भाऊ."

"खोटं नका लिहू. खातं दोघांचं हाये, तेवढंच लिहा."

देवाजीनं कोरा कागद घेतला. 'आमच्या संयुक्त खात्याचे पासबुक गहाळ झाले असून दुय्यम पासबुक मिळावे, ही विनंती.' खाली लटारूनं सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं सही ताडून पाहिली, आधारची झेरॉक्स घेतली.

"दोघांपैकी एकाची सही चालते. बाई नाई आली?"

हो म्हणून, नाही म्हणून, काहीही म्हणून सुटता आलं असतं.

"ती नाई राह्यली, मॅडम."

मॅडमनी अर्ज पुन्हा वाचला. "मंग नाव कमी कराले वेगळा अर्ज द्या लागन, मृत्यूच्या दाखल्यासंगं. आज पासबुकाचा अर्ज हाये, तं रेकॉर्डवर जसं हाये तसंच छापून देतो. पन तो अर्ज आना, भाऊ."

"आनतो."

साहेबांची सही झाली, मशीन करकरलं. लटारू बाकावर बसून पहिलं पान वाचत राहिला. वर तो, खाली सुगंधाबाई.

त्याला दोन महिने झाले. ग्रामपंचायतीतून दाखला आणून ठेवला आहे. देवाजी दोनदा विचारून गेले. नाव कमी करायचा अर्ज लिहायचा राहिला आहे.