सुंदराबाई आहे तोवर

मोरोपंतांना साधं हो म्हणायला अर्धा तास लागे, आणि नाही म्हणायचं असलं तर त्याहून जास्त. कोर्टात शिरस्तेदार होते, उभी हयात दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेली. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी सगळी वसुली सुरू केली होती. अशा माणसाच्या बोलण्यातून भाडं किती, दुरुस्ती कोणाची आणि जागा सोडायची कधी, एवढंच निवडून कागदावर उतरवायचं काम ललिताच्या वाट्याला आलं. आणि तेही एका दुपारात.

ललिता नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. नवरा तापानं गेलेला, घरात ती आणि सासू सुंदराबाई. अमरावतीला आंबागेटच्या आत, मोरोपंतांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत दोघी राहत. त्या खोल्या मिळाल्या सुंदराबाईमुळे. ती इस्पितळात आया होती. मोरोपंतांच्या बायकोचं, गोदावरीबाईंचं शेवटच्या आजारात सगळं तिनंच केलं, हागण्यामुतण्यापासून. नाहीतर छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घराला त्या गल्लीत कोण उभं करतो हो? ललितानं गावभर फिरून पाहिलं होतं. लोक आधी नोकरी विचारत, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवे की खोली तर पाहुण्यांसाठी ठेवली आहे. मोरोपंतांनी काही विचारलं नाही, काही लिहूनही घेतलं नाही.

लिहून घेतलं नाही, तेच आता नडलं. मोरोपंतांची उजवी बाजू अर्धांगवायूनं लुळी पडली. सही कशीबशी जमे, ओळ लिहिणं जमत नसे. पुण्याची लेक विमल त्यांना कायमचं न्यायला आली होती, सोमवारची गाडी बडनेऱ्याहून होती. घराचा कारभार अकोल्याच्या पुतण्याकडे, भगवंतरावांकडे जायचा होता. भगवंतराव येऊन गेले तेव्हा अंगणात उभे राहून त्यांनी दोन्ही खोल्या डोळ्यांनी मोजल्या आणि ललिताला शांतपणे सांगितलं, काकांचं तोंडी जे असेल ते काकांबरोबर पुण्याला जाईल, मी कागद मानतो. भाडेकरूला काढायला रेंट कंट्रोलरची परवानगी लागते हे ललिताला ठाऊक होतं. पण त्या कचेरीत उभं राहायला वकील लागतो, आणि तोवर विहिरीच्या दाराला कुलूप पडलं तर प्यायचं काय?

म्हणून धाकट्या भावानं, जानरावनं, टेप आणली. राजापेठेत त्याचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. जयंतीची गाणी भरून घ्यायला त्यानं एक जुनं स्पूलचं यंत्र विकत घेतलं होतं. मोरोपंतांना ते यंत्र पाहून लहान मुलासारखा आनंद झाला. त्यांनी स्वतःच ठरवलं: मी बोलतो, तुम्ही यातून मुद्दे काढा, रविवारी दिवेलागणीला भगवंतराव येईल, त्याच्यासमोर वाचून दाखवा, पटलं तर सही करतो. शनिवारी ते बोलले. स्पूल संपत आलं तरी बोलतच होते.

रविवारी दुपारी भाऊबहीण लिहायला बसले. यंत्राचा स्वतःचा स्पीकर बिघडलेला, म्हणून जानरावनं ते लग्नात लावायच्या लाउडस्पीकरच्या मोठ्या डब्याला जोडलं. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून दारंखिडक्या लावल्या. कोपऱ्यात बाजेवर सुंदराबाई पडून होती. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी ललिताला ओसरीत बोलावून सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. दोन दिवसांपासून ती पेजेला तोंड लावत नव्हती. कानानंही तिला कमीच ऐकू येई, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ललितानं पानाच्या मध्ये रेघ मारली. इकडे 'ठरलं', तिकडे 'नुसतं बोलणं'. शाळेत ती मुलींना सारांश लिहायला शिकवायची, हात त्याच सवयीनं चालला. भाडं मोरोपंतांनी बावीस रुपये सांगितलं, मग गच्ची वापरलीत तर पंचवीस म्हणाले. जानरावनं लगेच पंचवीस लिहायला सांगितलं. ललितानं त्याला दटावलं, पुढं ऐक. पुढं गोदावरीबाई गच्चीवर कुरड्या कशा घालायच्या ते आलं, आणि त्याच्या शेवटी, जाऊ द्या, गच्चीसकट बावीसच. तेव्हा कुठं तिनं बावीस 'ठरलं'मध्ये घातले, दरमहा दहा तारखेच्या आत, पावती देऊन. छपरावरचे कवेलू पावसाळ्याआधी मालकानं फुटके बदलून फेरायचे, आतून चुना भाडेकरूनं मारायचा. विहिरीच्या रहाटाचा विषय निघाला, तो निम्मा निम्मा खर्च म्हणता म्हणता मोरोपंतांच्या लहानपणात जो शिरला तो परत आलाच नाही. तिथं तिनं 'ठरलं नाही' लिहिलं. जागा सोडताना काय करायचं तेही होतं: विजेचं बिल चुकतं करायचं, किल्ली हातात द्यायची, भिंतीतली फळी काढायची नाही.

जानरावनं कागद वाचला आणि डोकं खाजवलं. "बाई, सोडतानाचं लिवलं. पन सोडा कवा लागन ते कुठी हाय?"

कुठंच नव्हतं. ललितानं स्पूल मागं फिरवायला लावलं. तीन वेळा ऐकल्यावर ते सापडलं, तिनंच गाळलेलं. मुलींच्या वहीत असल्या वाक्यांवर ती काट मारायची, ही नुसती आपुलकी आहे, मुद्दा नाही म्हणून. मोठ्या डब्यातून मोरोपंतांचा आवाज खोलीभर घुमला: "आणि ललिताबाई, एक सांगून ठेवतो. सुंदराबाई आहे तोवर या घरातून तुम्हाला कोणी ऊठ म्हणणार नाही."

शनिवारी हेच वाक्य ऐकून तिचे डोळे भरून आले होते. आता तिनं ते नीट कागदावर उतरवलं: सुंदराबाई हयात असेपर्यंत मालक जागा खाली करण्यास सांगणार नाही. बोलताना जी माया होती ती कागदावर मुदत झाली. म्हातारी गेली की दुसऱ्या दिवशी भगवंतराव हाच कागद पुढं करणार, आणि तो ललिताच्याच अक्षरात असणार. ते वाक्य गाळावं तर सोडण्याबद्दल काहीच उरत नाही, मग तर भगवंतराव उद्याच निघा म्हणतील. काय करावं माणसानं? तिला रडू फुटलं, आणि भावासमोर ती ते आवरत बसली नाही.

जानराव तिच्याजवळ सरकला. सुंदराबाईच्या जागी तुझी नोकरी लिहून टाक, तो म्हणाला. ललिता इथं नोकरीत आहे तोवर, बस्. म्हाताऱ्याले काय आठवते? तो सही करीन अन् पुण्याले जाईन.

आणि तिनं लिहिलं. खरंच लिहिलं, पूर्ण ओळ. मग तिनं ती पुन्हा वाचली. ज्या माणसानं आडनाव न विचारता दार उघडलं, त्याच्या तोंडी तिनं न बोललेलं घातलं होतं. भगवंतरावांनी टेप लावा म्हटलं तर सगळाच कागद खोटा ठरणार, भाडं आणि कवेलूही. तिनं ओळ खोडली, पान फाडलं आणि नवं घेतलं.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "पेज आन."

दोघंही दचकले. ललितानं पेज नेली, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. ती घाईघाईनं गिळू लागली, ठसका लागला, सगळी ओकली. तोंड पुसून दिलं तर पुन्हा म्हणे, अजून दे. पुन्हा ओकली, पुन्हा वाटीकडे हात केला. ललितानं वाटी बाजूला ठेवली आणि किती त्रास करून घेता म्हणून विचारलं.

"मी आयकलं त्या डब्यातून," सुंदराबाई म्हणाली. "मी हाय तवरच तुले घर हाय. मले मरू नोको देऊ, ललिता."

दिवसाढवळ्या ललिताला पुढचं काही दिसेना. जन्मभर दुसऱ्यांना सुखानं मरायला मदत केलेली बाई, आणि तिच्या स्वतःच्या मरणाला तिनं, सुनेनं, अडसर घातला होता. त्या लाउडस्पीकरला आग लागो, असं तिच्या मनात आलं. जानराव मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

दिवेलागणीला ती मोरोपंतांच्या बैठकीत गेली. ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. भगवंतराव खुर्चीवर, जानराव यंत्र आणि डबा घेऊन दाराशी. तिनं ओळीनं वाचलं: भाडं, कवेलू, चुना, रहाटाचं ठरलेलं नाही. मोरोपंत मान डोलावत होते. मग तिनं शेवटचं वाचलं: सुंदराबाई हयात असेपर्यंत मालक जागा खाली करण्यास सांगणार नाही, त्यानंतर काय, ते ठरलेलं नाही.

भगवंतराव प्रथमच हसले. अगदी चोख आहे, म्हणाले, काका, करा सही. मोरोपंतांनी मात्र लेखणी घेतली नाही. असं मी बोललो का, त्यांनी विचारलं. जानरावनं यंत्र लावलं. स्वतःचंच वाक्य म्हाताऱ्यानं मान वाकडी करून ऐकलं.

"मी हे प्रेमानं म्हणालो होतो," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे, काकाजी. पण कागद तसा वाचत नाही." ललितानं कागद त्यांच्यापुढं ठेवला. "त्या आता फार दिवसांच्या नाहीत. आज त्यांनी हे ऐकलं. तेव्हापासून ओकून ओकून पेज मागताहेत. त्यांना मरायची भीती वाटते, माझ्या घरासाठी."

मग मोरोपंतांनी ललिताला लिहायला सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा थोडक्यात सांगितलं. सुंदराबाईच्या जगण्यामरण्याशी या भाड्याचा संबंध नाही. जागा हवी असल्यास मालकानं तीन महिने आधी लेखी कळवावं, आणि शाळेचं वर्ष चालू असताना कळवू नये. भगवंतरावांनी तोंड उघडलं. काका म्हणाले, घर अजून माझं आहे, तू साक्षीदार म्हणून सही कर. डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून त्यांनी आपलं नाव काढलं, त्याखाली ललितानं, मग भगवंतरावांनी रागारागानं, मग जानरावनं.

आयुष्यभराचं घर काही मिळालं नव्हतं. तीन महिन्यांची सूचना, बस्. पण ललिता अंगणातून जवळजवळ धावतच घरी आली.

सुंदराबाई जागी होती, हात वाटीशी. ललितानं तिच्या कानाशी तोंड नेऊन ते कलम मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं ते पुन्हा वाचायला लावलं. सही कोणाकोणाची आहे ते विचारलं, कागदावर बोट ठेवून मोरोपंतांची जागा दाखवून घेतली. मग ललितानं उरलेली पेज कोमट करून आणली.

सुंदराबाईनं वाटी हातानं हळूच बाजूला सारली. "आता राहू दे," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवून डोळे मिटले.