पंप पलीकडचा

यात्रेच्या बसच्या तिकिटावर फक्त ‘जुना नाका, दुपारी चार’ एवढंच छापलेलं. नाका कसला, ती आख्खी वस्तीच होती. मधून मोठा रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मैल दुकानं.

धाकटीनं बसच्या ऑफिसला फोन लावला. “तिथेच हो बाई, पेट्रोल पंपापाशी. कुणालाही विचारा.” आणि खट्दिशी फोन बंद.

तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई ती, ‘कुणालाही विचारा’वर विसंबणारी नव्हती. आदल्या दिवशी ती स्वतः जाऊन बघून आली. पंप दोन निघाले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. तिनं हिशेब केला, देवस्थान उत्तरेला, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूचाच पंप. पुन्हा ऑफिसला फोन केला, तर कुणी उचलेना.

यात्रा तिच्या थोरल्या भावासाठी, दादासाठी होती. दादा साइनबोर्ड पेंटर. काचबिंदूनं त्याचा एक डोळा कधीच गेला होता आणि उरलेल्या डोळ्याला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, “जे बघायचं ते आता बघून घ्या.” दादानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, “देवाचं तोंड बघायचंय. आयुष्यभर लोकांच्या दुकानांची नावं रंगवली, तिकडे जायचं राहूनच गेलं.”

साडेतीनलाच दोघं पंपाजवळ येऊन उभी राहिली. दादानं समोरच्या पाटीकडे मान तिरकी करून पाहिलं. “शेवटचं अक्षर दाबलंय बघ. जागा पुरली नाही गड्याला.” धाकटीला हसू आलं.

चार वाजले, चारवर दहा झाले. हातात पिशव्या घेतलेलं दुसरं कुणीच दिसेना. तेवढ्यात फोन वाजला.

“मावशी, कुठे आहात? ड्रायव्हर बोलतोय. सगळे बसले, तुम्ही दोघंच राहिलात.”

“पंपापाशीच उभी आहोत की!”

“कुठला पंप? मी तर पंपासमोरच आहे.”

तिनं मान वर केली. दुभाजकाच्या कठड्यापलीकडे, दक्षिणेकडे तोंड करून पांढरी बस उभी होती.

“अहो, पलीकडे आहोत आम्ही!”

“मग या इकडे. पाच मिनिटं थांबतो, जास्त नाही. पोलीस उठवतात इथून.”

रस्ता ओलांडायला पादचारी पूल तेवढा होता. एका खांद्याला दोन्ही पिशव्या अडकवून तिनं दादाचा दंड धरला. त्याला पायरीची कड दिसत नव्हती. प्रत्येक पायरीला तो आधी बुटानं चाचपायचा, मग वजन टाकायचा.

“तू पळ पुढे,” दादा म्हणाला. “थांबव त्याला. मी येतो कठड्याला धरून.”

“गप चल.” त्याला असं अधांतरी सोडून जायची तिची छाती होईना. चालता चालताच तिनं फोन लावला, तर तो एंगेज.

पूल अर्धा झाला आणि बस हलली. पुढे जाऊन उड्डाणपुलाखालून वळली, उत्तरेकडे तोंड करून परत आली आणि त्यांनी आत्ताच सोडलेल्या पंपावरून, त्यांच्या पायांखालून निघून गेली.

“गेली का गं?” दादानं विचारलं.

“हो रे.”

“मग जरा टेकू या. दम लागलाय.”

पलीकडे उतरल्यावर चहावाल्यानं बसायला बाकडं दिलं. “रोज कुणी ना कुणी चुकतं इथे. बस डेपोतून या अंगानं येते, माणसं घेते आणि मग वळते. तिथेच थांबतो म्हणाला असतात ना, तर वळून येताना घेतलं असतं त्यानं.”

धाकटीचा चहा तसाच गार झाला.

पुढची बस दीड महिन्यानं होती. या वेळी तिनं ऑफिसकडून ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशीच मिळवला. कुठली बाजू, तोंड कुठे, वळायच्या आधी की नंतर, गाडीचा नंबर काय, सगळं दोनदा वदवून घेतलं. बस पुढ्यात येऊन थांबली. दादाला मात्र तोवर उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं.

गाभाऱ्यासमोर रांग क्षणभर थांबली. “कसं आहे तोंड?” दादानं हळूच विचारलं.

तिनं पाहिलं. काळा दगड, नाक झिजलेलं, डोळे मोठाले. सांगायला तिनं तोंड उघडलं. मागची माणसं ढकलू लागली. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“सावकाश सांग,” तो म्हणाला. “मी काय, आता कुठे बघायला जाणाराय?”

बाहेर ओट्यावर बसून ती सांगत राहिली, नाकापासून सुरुवात करून. दादा बोटानं आपल्या मांडीवर रेघा काढत होता. मध्येच म्हणाला, “थांब, भुवया परत सांग.”