नाकावरचे पांढरे दाणे

स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणायचे. नऊ वर्षं ती एकच काम करत आली होती. स्टुडिओच्या मालकीणबाई नवजात बाळांचे फोटो काढायच्या आणि ही कॉम्प्युटरवर बसून त्या बाळांचे चेहरे साफ करायची. मालकीणबाईंना ती ताई म्हणे. ताईंनी पहिल्याच दिवशी तिला कामाचा नियम सांगून ठेवला होता. "आपोआप जाणार असेल ते पुसायचं. जन्मभर राहणार असेल त्याला हात लावायचा नाही. आणि कळत नसेल तर आईला विचारायचं. आईला माहीत असतंच."

तिची स्वतःची मुलगी दिवस उलटून गेल्यावर, चांगली दहा दिवस उशिरा जन्मली. बाळंतपण नीट झालं. नर्सनं मुलगी हातात दिली तेव्हा तिनं मान डोलावली, कुरिअरवाल्याकडून पाकीट घ्यावं तशी. सही तेवढी राहिली. दमली असेल, सगळे म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर ती सगळं वेळच्या वेळी करत होती. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं. तिच्या आईनं पाणी काढून दिलं की आंघोळही तीच घालायची. रडली नाही, चिडली नाही. "किती शांतपणे घेतेय सगळं," असं नवरा फोनवर मित्रांना कौतुकानं सांगायचा. ती ते ऐकायची आणि कपड्यांच्या घड्या घालायची.

मुलगी सोळा दिवसांची असताना ताईंनी तिला स्टुडिओत बोलावून फोटो काढला. "आमच्याकडून भेट. बाकीचं काम दुसऱ्या कोणाला तरी देते."

"नको, मीच करते," ती म्हणाली.

पण फाइल तशीच पडून राहिली. अडतिसाव्या दिवशी सकाळी मुलगी झोपली होती, आई स्वयंपाकघरात होती, नवरा कामावर गेला होता. तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, पडद्यावर पेननं काम करायची पाटी जोडली आणि फोटो दुप्पट मोठा केला.

पडद्यावर एक बाळ होतं. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर रव्यासारखे पांढरे दाणे, बरेच. कपाळावर आणि कानशिलावर सुटलेली कोरडी कातडी, उशिरा जन्मलेल्या बाळांची जरा जास्तच सुटते तशी. भुवयांत आणि केसांच्या कडेला पिवळसर, तेलकट खपली नुकती धरू लागलेली.

तिच्या हाताला काय करायचं ते माहीत होतं. मूळ फोटोवर एक रिकामा थर टाकला आणि दाण्यापेक्षा जेमतेम मोठा ब्रश घेतला. नाकावरच्या दाण्यासाठी शेजारची नाकाचीच कातडी घ्यायची, गालाची चालत नाही, पोत वेगळा दिसतो. एक दाणा, एक टिचकी. दहा मिनिटांत नाक स्वच्छ झालं.

सुटलेल्या कातडीला वेळ लागतो. नवशिके ती सरळ धूसर करून टाकतात आणि बाळाची प्लॅस्टिकची बाहुली होते. तिनं फोटो दोन थरांत वेगळा केला, एकात पोत, दुसऱ्यात रंग. पापुद्र्यांच्या उचललेल्या कडा पोताच्या थरातून काढल्या आणि खालची लाली रंगाच्या थरात निम्मी केली. पूर्ण काढली नाही. नवजात बाळ थोडं लाल असतंच. मग खपली. आधी पिवळेपणा उतरवला, मग शेजारची स्वच्छ त्वचा केस वळतात त्या दिशेनं आणून तिच्यावर बसवली, मध्ये तुटलेले दोन-चार केस बारीक रेघेनं पुन्हा ओढले.

तिला बरं वाटत होतं. आनंद नव्हता तो. कुठे काय ठेवलंय ते माहीत असलेल्या खोलीत बसल्यासारखं, एवढंच.

कानशिलावर राहिलेला शेवटचा पापुद्रा काढला आणि त्याच्या कडेशीच एक तपकिरी ठिपका नजरेत आला. मोहरीपेक्षा लहान. कातडी सुटताना धरलेली खपली, की तीळ? तिनं फोटो आणखी मोठा केला. कळेना. सवयीनं तिचा हात फोनकडे गेला, आईला विचारण्यासाठी. मग तिच्या लक्षात आलं की आई तीच आहे.

ती उठून आतल्या खोलीत गेली. मुलगी पाळण्यात उताणी झोपली होती. तिनं वाकून कानशील पाहिलं. ठिपका होता. तीळच होता.

मग तिची नजर नाकावर गेली. नाकावर काहीच नव्हतं. हनुवटीवरही नाही. कपाळ गुळगुळीत होतं. खपली मात्र आता टाळूपर्यंत पसरली होती.

"आई," तिनं हाक मारली. "हिच्या नाकावरचे दाणे?"

आई हात पुसत दारात आली. "ते ना? ते गेले की आठवड्यापूर्वीच. अगं, मी म्हटलं होतं तुला, बघ, नाक कसं लख्ख झालं. तू 'हो' म्हणालीस."

"आणि तीळ?"

"जन्मल्यापासून आहे." आई हसायला लागली आणि तिचा चेहरा पाहून थांबली. "काय गं? रोज आंघोळ तर तूच घालतेस."

ती टेबलाशी येऊन बसली. पडद्यावरचं बाळ सुंदर दिसत होतं. तिनं आजवर साफ केलेल्या सगळ्या बाळांसारखं. तिनं ताईंना फोन लावला.

"ताई, काम होत आलंय. कानशिलावर ठिपका आहे, तो तीळ आहे. ठेवते."

"ठेव ना. मला का विचारतेस?"

"मला माहीत नव्हतं."

मग ताईंनी हळूच विचारलं, "तिच्याकडे बघून तुला काय वाटतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे क्लायंटचं बाळ असावं तसं. नीट करून परत द्यायचं."

"तू बस तिथेच. मी येते."

ताई अर्ध्या तासात आल्या. उपदेश केला नाही, मिठी मारली नाही. समोर बसून चहा प्यायल्या आणि तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो खूप वेळ बूटही न काढता बसून राहिला. "मला वाटलं, तू खंबीर आहेस," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, मुलीला इजा करण्याचे विचार. शेवटच्या दोन्हींना तिनं "नाही" म्हटलं आणि ते खरं होतं. बाळंतपणानंतर येणारा हा नैराश्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाल्या, तो रडण्यातूनच दिसतो असं नाही, आणि तो बरा होतो. अंगावर पाजत असताना चालतील अशा गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला बोलायला एका बाई समुपदेशकांकडे पाठवलं.

पहिले तीन आठवडे काहीच बदललं नाही. रोज आंघोळीआधी टाळूला थोडं तेल लावून ठेवायचं, मऊ ब्रशनं हलकेच फिरवायचं आणि धुऊन काढायचं. नखानं खरवडायचं नाही. खपली कणाकणानं निघायची. तिला त्याचंही काही वाटत नव्हतं, पण आता ती बघत होती. आज भुवया मोकळ्या झाल्या. आज उजवीकडे थोडी राहिली.

उपचारांच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी मुलगी ब्रश लावू देईना. मान इकडे, मान तिकडे, पाय झाडले, तेलाची वाटी उपडी केली. "अगं ए कार्टे, स्थिर राहा की जरा!" ती इतक्या जोरात ओरडली की नवरा मोज्यांवर धावत आला.

तिनं हे समुपदेशकांना सांगितलं, मान खाली घालून. "मी तिच्यावर चिडले. खूपच चिडले."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. "आणि मग?"

"मग फरशी पुसली. उरलेली खपली काढली."

"अजून चिडलात का नंतर?"

"रोज," ती म्हणाली. "भलतीच हट्टी आहे."