खोडलेल्या तीन ओळी

वीसपैकी अकरा.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी भिंग.

शाळा बदलण्याचा अर्ज. चार घड्या, सही बाकी.

टेबलाच्या अलीकडे ओढलेली खुर्ची.

कागदाला पडलेलं भोक.

भोक सहावीतल्या मुलीच्या गणिताच्या पेपराला होतं. भिंग आणि अर्ज तिच्या वडिलांचे. ते घड्याळं दुरुस्त करतात. खुर्ची बाईंनी ओढली होती. टेबल मध्ये आलं की माणसं भांडायला बसल्यासारखी बसतात.

"बाई, मला गोल गोल बोलता येत नाही. मार्क नाहीत तर काही नाही. दुसऱ्या शाळेत विचारून आलोय."

"बरं केलंत, सांगितलंत. घरी अभ्यास कसा घेता?"

"घेतो म्हणजे, शेवटची ओळ बघतो. उत्तर बरोबर तर शाबास. आणि वही स्वच्छ हवी. खाडाखोड दिसली की माझं डोकं फिरतं."

(इथे उपदेश जिभेवर येतो. तो गिळा. बाईंनी गिळला, आणि पेपर पुढे सरकवला.)

"चौथा प्रश्न. टाकीत २४० लिटर पाणी, तीन अष्टमांश वापरलं, उरलं किती? तिने नुसतं १४० लिहिलंय. चारपैकी शून्य."

"बघा, शून्य."

"त्याच्या वर काय दिसतंय?"

"काही नाही. भोक."

"भोकाच्या आजूबाजूला?"

वडिलांनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, पण वडिलांनी तिकडे पाहिलं नाही. आश्चर्यच.

"२४० भागिले ८, तीस," ते पुटपुटले. "तीस गुणिले तीन, नव्वद. २४० वजा ९०... अहो, हे बरोबर आहे की."

"आहे. फक्त वजाबाकी शेवटी चुकली. पायऱ्यांना तीन गुण, उत्तराला एक."

"मग द्या ना तीन."

"खोडलेल्याला देता येत नाहीत."

"स्वच्छ दिसतंय मला."

"तुमच्या भिंगातून. तपासणाऱ्याकडे भिंग नसतं."

ते हसले नाहीत. भिंग पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच वाचलं.

"खोडलं का पण कार्टीने?"

बाईंनी पेपर वडिलांकडेच राहू दिला.

"...माझ्यामुळे," ते म्हणाले.

"दोन आठवडे एवढंच करू. चुकलं तर एक आडवी रेघ, खोडायचं नाही. आणि घरी 'किती मिळाले'च्या आधी 'कसं काढलंस' विचारायचं. पुढच्या शुक्रवारच्या पुढचा शुक्रवार, हीच वेळ. तिलाही घेऊन या."

"मार्क वाढतील?"

"वचन नाही देत. कुठे अडते ते मात्र दिसेल."

"हं. घड्याळाचं तसंच असतं, आधी दिसावं लागतं." जाताना त्यांनी अर्जाची पाठ वर केली आणि त्यावर शुक्रवारची वेळ लिहून घेतली. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "ते दोन मिनिटं मागे आहे, बाई. येताना ठीक करतो."

यंदा शाळा सुरू झाल्यापासून त्यांनी मुलीला सात खोडरबर आणून दिले होते.